फ्रेंच प्रेस कॉफी: दट्ट्या दाबण्याआधी थर मोडणं, फेस काढणं आणि कपातला गाळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फ्रेंच प्रेसची कॉफी चवीला आवडते, पण शेवटचे दोन घोट प्यायला नको वाटतात, ही तक्रार मला सतत ऐकू येते. तळाशी गाळ, जिभेवर पिठूळ थर आणि कधी दाताखाली कचकचणारा कण. त्यावरचा माझा उपाय म्हणजे दट्ट्या दाबण्याआधी वरचा थर मोडणं, तरंगणारं काढून टाकणं आणि मग थांबणं. मुंबईतल्या मंडळींनी मला याबद्दल जे विचारलं, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

थर मोडायचा, फेस काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

भरड दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओतलं की बहुतेक पावडर वर येते आणि तिचा जाडसर थर तयार होतो. काचेच्या भांड्यात बाजूने पाहिलं तर तो स्पष्ट दिसतो: वर बोटभर फुगलेला तपकिरी थर, त्याच्या खाली काळपट पाणी आणि तळाशी थोडेसेच कण. ४ मिनिटं झाली की चमच्याच्या पाठीने हा थर हलकेच मागे ढकलायचा, दोन-तीनदा. पावडर मोकळी होते आणि तिच्यातला मोठा भाग डोळ्यांदेखत खाली जातो. वर उरतो फिकट फेस आणि थोडे हट्टी कण. ते दोन चमच्यांनी उचलून बाजूच्या वाटीत टाकायचे.

पावडर वर तरंगतेच का?

कॉफीचं बी भाजताना त्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बियाच्या बारीक बारीक पोकळ्यांत अडकून राहतो. दळल्यावर बराचसा उडून जातो, पण उरलेला गरम पाणी लागताच बाहेर पडायला लागतो. त्याचे बुडबुडे कणांना चिकटतात आणि कण वर उचलले जातात. भाजलेल्या कॉफीला तेलाचा अंशही असतो, त्यामुळे पाणी कणात लगेच शिरत नाही.

चमच्याने थर हलवला की दोन गोष्टी होतात. चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि त्यांच्या जागी पोकळीत पाणी शिरतं. कण जड होतो आणि खाली बसतो. न हलवता तसंच ठेवलं तरी काही कण यथावकाश बसतातच, पण थराच्या वरच्या अंगाची पावडर अर्धवट भिजलेली राहते आणि दट्ट्या दाबायची वेळ येईपर्यंत ती वरच असते. तिथून त्रास सुरू होतो.

दट्ट्याला जाळी आहे ना? मग वरचं काढायचं कशाला?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

प्रेसची जाळी भरड चोथा अडवते. पण कोणतीही चक्की किंवा मिक्सर सगळे कण एकाच मापाचे देत नाही. भरड दळलेल्या कॉफीतही पिठासारखी बारीक पावडर असतेच, तिला आपण पिठी म्हणू. ही पिठी जाळीच्या भोकांतून सहज निसटते. शिवाय जाळीची कड काचेला सगळीकडे सारखी टेकत नाही, तिथूनही वाट मिळते.

आता थर न मोडता दट्ट्या दाबला तर काय होतं ते बघा. जाळी वरच्या थरावर टेकते आणि त्याला खाली रेटते. जाळी खाली जाताना पाणी तिच्यातून वर येतं, आणि ते पाणी या थरातूनच गाळलं जातं. म्हणजे थरात अडकलेली पिठी धुतली जाऊन थेट वरच्या, पिण्याच्या कॉफीत येते. दट्ट्या जोराने तळापर्यंत नेला तर आधीच बसलेला गाळही उसळतो. सगळं भांडं पुन्हा गढूळ होतं आणि आपण लगेच कपात ओततो.

थर आधी मोडला तर भरड चोथा तळाशी जातो आणि जाळीच्या वाटेत येतच नाही. फेस काढला तर त्यात अडकलेली पिठी आणि सालपटं भांड्याबाहेर जातात. उरली पाण्यात तरंगणारी पिठी. तिला फक्त वेळ लागतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की हंडा न हलवता ठेवून वरचं निवळ पाणी घ्यायची आपल्याकडे रीत आहे, तसंच हे. इथे गाळण्याचं काम खरं म्हणजे जाळी करत नाही, स्थिर उभं राहिलेलं पाणी करतं.

ही पद्धत कुठून आली?

कॉफी पारखणाऱ्यांकडून. चव तपासताना ते कोणतीही गाळणी वापरत नाहीत. वाटीत भरड कॉफी, वर गरम पाणी, ४ मिनिटांच्या आसपास चमच्याने थर मोडायचा, दोन चमच्यांनी फेस काढायचा आणि थोडं निवल्यावर वरचं चमच्याने घेऊन चाखायचं. गाळणी नसूनही तोंडात चोथा येत नाही. घरच्या प्रेससाठी हीच रीत लोकप्रिय करण्यात २००७ सालचे जागतिक बरिस्ता विजेते जेम्स हॉफमन यांचा मोठा वाटा आहे.

एकदा पूर्ण कृती मापांसकट सांगा.

दोन माणसांसाठी सांगते. ६०० मिलीचं काचेचं प्रेस घ्या. ३० ग्रॅम कॉफी आणि ५०० मिली पाणी. कॉफीचा दाणा साध्या रव्यापेक्षा जाड आणि लापशी रव्यापेक्षा थोडा बारीक असावा.

भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग सगळी पावडर भिजेल असं फिरवत ओता. ओतताना ढवळू नका. झाकण नुसतं वर ठेवा, दट्ट्या वर ओढलेला, आणि ४ मिनिटं लावा.

वेळ झाली की झाकण काढा आणि थर मोडा. चमचा तळापर्यंत न्यायचा नाही, वरच्या दोन-अडीच सेंटीमीटरमध्येच काम आहे. खालचं ढवळलं तर बसलेलं पुन्हा वर येतं आणि थांबण्याची वेळ वाढते. अर्धा मिनिट थांबा, बहुतेक पावडर खाली जाईल. मग दोन चमचे घ्या, दोन्ही बाजूंनी कडेने सरकवत मध्ये आणा आणि फेस उचला. दोन-तीन वेळा केलं की वरचं पाणी काळं, चकचकीत दिसायला लागतं, क्वचित एखादा तेलाचा ठिपका. एवढं पुरे.

आता झाकण ठेवून ६ मिनिटं भांड्याला हात लावायचा नाही. त्यानंतर दट्ट्या फक्त इतका खाली आणा की जाळी कॉफीच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकेल. मग एका धारेत, सावकाश ओता. प्रत्येक कप थोडा भरून भांडं पुन्हा उभं करत बसू नका, दर वेळी तळ हलतो. दोन्ही कप जवळ ठेवा आणि भांडं कललेलंच ठेवून एकातून दुसऱ्यात धार न्या.

हिशेब असा: ३० ग्रॅम चोथा साधारण ६० मिली पाणी स्वतःत धरून ठेवतो. फेसाबरोबर १५-२० मिली जातं. तळाचं ५० मिली मुद्दाम सोडायचं. हाती ३७० मिलीच्या आसपास येतं, म्हणजे १८५ मिलीचे दोन कप. ते सोडलेलं ५० मिली अनेकांना जिवावर येतं, पण भांड्यातला सगळा गाळ तिथेच आहे. ते कपात पिळून घेतलं तर आधीची दहा मिनिटं वाया.

नेमकं काय काढायचं आणि काय राहू द्यायचं?

फिकट बदामी फेस, त्यात अडकलेली चंदेरी सालपटं आणि न बसलेले सुटे कण, हे काढायचं. सालपट म्हणजे कॉफीच्या बियाच्या चिरेत राहणारा पातळ पापुद्रा. तो इतका हलका असतो की बसायचं नाव घेत नाही. चमच्यात गडद, ओला चोथा भरभरून यायला लागला तर तुम्ही घाई केली आहे. अजून अर्धा मिनिट थांबा किंवा थर पुन्हा एकदा हलकेच मोडा. शेवटचा बुडबुडासुद्धा निघाला पाहिजे असा हट्ट नको. त्या नादात चमचा फिरत राहतो आणि पाणी स्थिर होत नाही.

चमचा साधा स्टीलचा चालतो, फक्त काचेवर आपटू नका. लाकडी किंवा बांबूचा असेल तर उत्तम. पुऱ्या तळायचा झारा घेऊ नका, त्याच्या भोकांतून फेस परत भांड्यात गळतो.

फेस काढला तर कॉफीतला कडकपणा जाणार नाही का? फेसच तर चवीचा असतो.

कॉफीवरचा फेस दिसायला छान, पण तो वेगळा चाखून बघा. पुढच्या वेळी काढलेला फेस टाकण्याआधी चमचाभर तोंडात घ्या: कडसर, राखेसारखा आणि जिभेला कोरडा लागतो. कॉफीचा अर्क पाण्यात उतरलेला असतो, फेसात नाही. ४ मिनिटांत भरड पावडरमधून बराचसा अर्क पाण्यात आलेला असतो, त्यामुळे दोन चमचे कण बाहेर गेल्याने कॉफी पातळ होत नाही.

हाच फेस पहिल्याच मिनिटाला काढला तर मात्र खरंच नुकसान होतं. तेव्हा सगळी पावडर वर असते, अर्क उतरलेला नसतो, आणि चमच्यातून तुमची कॉफीच वाटीत जाते.

फरक जाणवेल तो अंगाचा. गाळासकटची प्रेस कॉफी तोंडात जाड लागते, आणि त्या जाडीत पिठीचा वाटा मोठा असतो. निवळलेली कॉफी हलकी वाटते, पण कागदी फिल्टरइतकी नाही, कारण तेल तिच्यात राहतंच. काही जणांना जुनी जाडीच आवडते. त्यांनी फेस काढावा आणि पुढचा थांबण्याचा वेळ कमी करावा.

दहा मिनिटं ठेवली तर कडू आणि गार नाही का होणार?

कडू होण्याची भीती ढवळत राहणाऱ्या कॉफीच्या बाबतीत रास्त आहे. थर मोडल्यावर चोथा तळाशी एकावर एक बसलेला असतो, त्याच्याभोवतीचं पाणी हलत नाही, तापमान उतरत असतं आणि त्या पाण्यात आधीच बराच अर्क आहे. त्यामुळे पुढच्या ६ मिनिटांत जे उतरतं ते थोडंच. पावडर फार बारीक असेल तर मात्र कडवटपणा येईल, आणि तो दोष वेळेचा नाही, दळण्याचा आहे.

कॉफी निवते, हे खरं. पण काचेचं भांडं आधी गरम केलं आणि झाकण ठेवलं तर दहा मिनिटांनी ती व्यवस्थित गरम असते, फक्त फुंकर मारत प्यावी लागत नाही. मुंबईच्या उकाड्यात हा प्रश्न येतच नाही. एसी खोलीत असाल तर भांड्याभोवती पंचा गुंडाळा, किंवा दुपदरी स्टीलचं प्रेस वापरा. स्टीलमध्ये आतलं दिसत नाही, तेव्हा घड्याळावर भिस्त ठेवावी लागते.

माटुंग्याहून ताजी दळून आणलेली कॉफी आहे, तरी थर धड येत नाही आणि गाळ भरमसाट. का?

मुलुंडच्या एका ताईंनी हेच विचारलं होतं. त्यांचं वजन, वेळ, ओतणं सगळं बरोबर होतं, तरी कपात तळाला बोटभर चिखल. त्यांना म्हटलं, पावडर चिमटीत घेऊन चोळून बघा. ती गव्हाच्या पिठासारखी बोटाला चिकटत होती, आणि पाकिटावर कॉफीबरोबर चिकोरी लिहिलेली होती.

दाक्षिणात्य फिल्टरसाठी कॉफी बारीक दळतात, कारण तिथे पाणी पावडरीच्या घट्ट दाबलेल्या थरातून थेंब थेंब झिरपायचं असतं. प्रेसमध्ये तीच पावडर म्हणजे सगळी पिठीच. चिकोरी तर फुगून वर येण्याऐवजी पाण्यात झपाट्याने विरघळते, रंग गडद करते आणि तळाशी मऊ गाळ सोडते. अशा पावडरीचा थर मोडून आणि फेस काढून फारसं काही साधत नाही, कारण त्रास वरच्या थरात नसून सगळ्या भांड्यात पसरलेला असतो.

बारीक कण हळू बसतात, आणि हा फरक थोडाथोडका नाही. निम्म्या व्यासाच्या कणाला तेवढंच अंतर खाली जायला चौपट वेळ लागतो. दहाव्या हिश्श्याच्या कणाला शंभरपट. म्हणून भरड कॉफी ६ मिनिटांत निवळते आणि सगळी पिठीच असलेली पावडर बराच वेळ गढूळच राहते.

ताईंनी पुढच्या वेळी दुकानात "चिकोरी नको, प्रेससाठी जाड दळा" असं सांगून प्लँटेशन ए प्रतीची कॉफी आणली. दुकानदार काका विचारतात "किती जाड?", तेव्हा रव्याची खूण सांगायची, लगेच कळतं. फिल्टरची पावडर घरात शिल्लक असेल तर ती फिल्टरमध्येच वापरा, तिथे ती उत्तम आहे.

थर मोडला, पण पावडर खाली बसतच नाही.

बहुधा कॉफी फारच ताजी भाजलेली आहे. भाजून दोन-तीन दिवसच झालेल्या कॉफीत वायू भरपूर असतो, बुडबुडे सुटत राहतात आणि थर पुन्हा पुन्हा वर येतो. मिनिटभराने आणखी एकदा मोडा. बॅग आठवडाभर बंद ठेवून मग वापरली तर हा त्रास आपोआप कमी होतो. दुसरं कारण पाणी पुरेसं गरम नसणं. कोमट पाण्यात पावडर नीट भिजत नाही.

पावसाळ्यात थर पातळ येतो, कॉफी बिघडली का?

वायू कमी झाला आहे, एवढं नक्की. मुंबईच्या दमट हवेत उघडी पावडर ओल धरते, लवकर शिळी होते आणि तिच्यातला वायू निघून जातो. तेव्हा थर आपण होऊनच विस्कटतो आणि फेस नावापुरता येतो. काढायला काही नसेल तर काढू नका, सरळ थांबण्याच्या पायरीवर जा. वास मात्र घेऊन बघा. पुठ्ठ्यासारखा वास येत असेल तर पाकीट बदला. जूनपासून तरी पावडर थोडी थोडी आणावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. जमत असेल तर बी आणून लागेल तेवढंच दळावं.

म्हणजे दट्ट्या दाबायचाच नाही?

तळापर्यंत नाही. जाळी पृष्ठभागाला टेकवायची, म्हणजे ओतताना चुकार कण अडतात. खाली दाबल्याने कॉफी अधिक कडक होत नाही, फक्त पाणी हलतं. सवय सुटत नसेल तर निम्म्यापर्यंत, अगदी हळू न्या. हाताला अडथळा लागला की तिथेच थांबा, तो चोथा आहे.

फरक पडला की नाही, हे कसं कळेल?

काचेच्या भांड्यामागे मोबाइलचा टॉर्च लावा. थर मोडल्यावर लगेच पाहिलं तर प्रकाश धुक्यातून आल्यासारखा दिसतो आणि कण संथपणे खाली उतरताना दिसतात. ६ मिनिटांनी पुन्हा लावा. वरचा भाग लालसर, स्वच्छ दिसेल आणि गढूळपणा तळाकडे सरकलेला असेल. तसं दिसलं नाही तर आणखी दोन मिनिटं द्या.

दुसरी खूण कपाची. एकाच पाकिटातली कॉफी एकदा नेहमीसारखी दाबून आणि एकदा या पद्धतीने करा. दोन्ही वेळा काचेच्या पेल्यात १०० मिली ओतून अर्धा तास न हलवता ठेवा. मग वरचं हळूच ओतून टाका आणि तळ बघा. दाबलेल्या पेल्यात तळ झाकणारा गाळ असेल, दुसऱ्यात पुसट वर्तुळ. अगदी शून्य गाळ अपेक्षित नाही, जाळीच्या प्रेसमध्ये थोडा गाळ येतोच.

आमच्याकडे दुधाचीच कॉफी चालते. मग एवढं करायचं?

करावं. आमच्या सासूबाईंना दुधाशिवाय कॉफी चालत नाही, आणि गाळाची पहिली तक्रार त्यांचीच होती: "अगं, तळाला चोथा राहतो, साखर ढवळली की सगळा वर येतो." दुधाने गाळ दिसत नाही, पण जिभेला लागतो. पाणी ४०० मिलीपर्यंत कमी करा, बाकी सगळं तसंच. गरम दूध कपात घाला, प्रेसमध्ये नाही. दुधाचा स्निग्धांश जाळीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो.

फेस आणि तवंग काढल्याने कोलेस्टेरॉलची काळजी मिटते का?

नाही. न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉलसारखे तेलकट घटक असतात आणि ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवू शकतात. ते कॉफीभर पसरलेले असतात, फेस काढून जात नाहीत. कागदी फिल्टर त्यांना बऱ्यापैकी अडवतो. डॉक्टरांनी जपायला सांगितलं असेल तर निवळलेली प्रेस कॉफी कागदातून गाळून घ्या. पिठी आधीच बसलेली असल्याने कागद पटकन तुंबतही नाही.

सगळं नीट करूनही गाळ येतो. आता काय बघू?

जाळी खोलून बघा. दट्ट्याचा खालचा भाग फिरवून सुटतो: वरची तबकडी, जाळी आणि खालची भोकांची तबकडी. जाळीची कड दुमडली असेल किंवा तार सुटली असेल तर ती बदला, सुटी जाळी मिळते. मिक्सरमध्ये दळत असाल तर पिठी जास्तच असणार. थांबत थांबत फिरवा, आणि दळलेली पावडर बारीक चाळणीत घालून अर्धा मिनिट हलवा. खाली पडेल ती पिठी वेगळी ठेवा, ती दुधात उकळायच्या कॉफीला चालते.

चोथा आणि काढलेला फेस सिंकमध्ये टाकला तर चालेल?

टाकू नका. सोसायटीच्या पाइपात तो तेलकट घाणीबरोबर बसतो आणि सिंक तुंबतं. भांड्यात थोडं पाणी घालून हलवा, चहाच्या गाळणीतून ओता आणि चोथा ओल्या कचऱ्यात टाका. फेसाची वाटीही त्याच गाळणीत रिकामी करा.